तफावत, थांबलेली गाडी आणि दोनची पाळी : गोदाम सुपरवायझरच्या मुलाखतीत काय विचारतात

गोदामाच्या सुपरवायझरची मुलाखत इतर नोकऱ्यांसारखी टेबलाच्या दोन बाजूंना बसून सुरू होते, पण चांगला व्यवस्थापक उमेदवाराला लवकरच फ्लोअरवर घेऊन जातो. रॅकसमोर, गाडी लागलेल्या धक्क्यापाशी किंवा गेटवरच्या रजिस्टरजवळ उभे राहून तो तीन गोष्टी काढतो. संगणकातला साठा आणि प्रत्यक्ष साठा जुळत नसेल तर काय करणार? गाडी वेळेवर निघत नसेल तर कारण कुठे शोधणार? आणि पाळी बदलताना लोडर कसे सांभाळणार? बहुतेक उमेदवार या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी पाठ करून येतात. गोदामात मात्र ती एकाच साखळीत अडकलेली असतात, आणि ही साखळी उमेदवाराला दिसते की नाही हेच मुलाखत घेणाऱ्याला बघायचे असते.

महाराष्ट्रात अशा मुलाखती सर्वाधिक कुठे होत असतील, तर भिवंडी परिसरात. मुंबई-नाशिक महामार्गालगत मानकोली, वडपे, पडघा आणि आतल्या बाजूला काल्हेर, राहनाळ, दापोडे अशा गावांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबईच्या जकात हद्दीबाहेरची जागा, न्हावा शेवा बंदराशी रस्त्याने जोडणी आणि शहरापेक्षा स्वस्त जमीन ही त्यामागची जुनी कारणे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि कंपन्यांना राज्याराज्यांत छोटी छोटी गोदामे ठेवण्याची गरज उरली नाही. त्यामुळे मोठ्या गोदामांची मागणी उलट वाढली. यांतली बरीच गोदामे माल बनवणारी कंपनी स्वतः चालवत नाही. माल एकाचा, गोदाम चालवणारी संस्था दुसरी, गाड्या तिसऱ्याच्या आणि लोडर चौथ्याकडचे अशी रचना असते. या चौघांच्या मधोमध उभा राहणारा माणूस म्हणजे सुपरवायझर.

साखळी समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. मुलाखतीत असेच उदाहरण कागदावर मांडून उमेदवारापुढे ठेवतात. एका बिस्किट कंपनीचा माल भिवंडीच्या गोदामात आहे. पाच रुपयांच्या पुड्यांचे खोके आणि दहा रुपयांच्या पुड्यांचे खोके शेजारशेजारच्या जागांवर ठेवलेले आहेत. दोन्ही खोक्यांचा रंग एक, छपाई एक. फरक फक्त बाजूला छापलेल्या आकड्याचा आणि बारकोडचा. संगणकानुसार पाच रुपयेवाले खोके ४८० आणि दहा रुपयेवाले ३१०. प्रत्यक्ष मोजले तर पहिले ४५६ भरले आणि दुसरे ३३४.

पहिला प्रश्न येतो : साठ्याची अचूकता किती? घाईतला उमेदवार बेरीज करतो. संगणकात ७९०, जागेवर ७९०, म्हणजे फरक शून्य आणि अचूकता शंभर टक्के. पाच रुपयेवाल्या खोक्याची किंमत ५०० रुपये आणि दहा रुपयेवाल्याची ५५० रुपये धरली, तर पैशांतला फरकही अवघा १,२०० रुपयांचा निघतो, तोही गोदामाच्या बाजूने जास्तीचा. हिशेबनिसाला या अहवालात काहीच खटकणार नाही. पण गोदामाच्या दृष्टीने दोन्ही जागा चुकलेल्या आहेत. ज्याला पाच रुपयेवाले ४७० खोके हवे आहेत, त्याला दहा रुपयेवाले जास्तीचे २४ देऊन भागत नाही. म्हणून गोदामात अचूकता एकूण नगांवर किंवा एकूण रकमेवर मोजत नाहीत. मोजलेल्या जागांपैकी किती जागांवर वस्तू, बॅच आणि नग हे तिन्ही बरोबर निघाले, त्यावर ती ठरते. त्या दिवशी ४० जागा मोजल्या आणि या दोन चुकीच्या निघाल्या, तर अचूकता ९५ टक्के. शंभर टक्के सांगणाऱ्यापेक्षा पंच्याण्णव सांगून त्या दोन जागांची गोष्ट उलगडणारा उमेदवार पुढच्या प्रश्नापर्यंत पोहोचतो.

मोजणी कशी झाली, हेही विचारतात. वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवून सगळा माल मोजण्याची पद्धत अजून आहे. हिशेबपुस्तकांसाठी ती लागतेही. पण त्या मोजणीत सापडलेली तफावत नेमकी कधी घडली हे सांगणे अशक्यच असते, कारण मधल्या महिन्यांत हजारो नोंदी होऊन गेलेल्या असतात. म्हणून रोज थोड्या जागा मोजण्याची पद्धत रुळली. सर्वाधिक हलणारा माल वारंवार, मधला माल काही महिन्यांनी आणि क्वचित हलणारा वर्षातून एक-दोनदा मोजतात. या रोजच्या मोजणीत दोन पथ्ये पाळावी लागतात. मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर संगणकातला आकडा नसावा. तो असला की डोळा त्याच आकड्यापर्यंत मोजत जातो आणि मागच्या रांगेतले रिकामे खोके भरलेले धरले जातात. दुसरे, मोजणी चालू असताना त्या जागेवरून माल काढायला किंवा ठेवायला बंदी असावी. उचलून धक्क्यावर आणलेला पण अजून संगणकातून वजा न झालेला माल हिशेबात धरला नाही, तर जी तफावत मुळात नाहीच ती सापडते आणि तिच्यामागे अर्धा दिवस जातो.

तफावत पक्की झाली की मुलाखतीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो : आता काय करणार? ‘साहेब, संगणकात आकडा दुरुस्त करून घेतो’ हे सर्वांत महागात पडणारे उत्तर. दुरुस्ती शेवटी करायचीच असते आणि तीही वरिष्ठाच्या मंजुरीने. पण कारण न शोधता आकडा बदलला की पुरावा पुसला जातो. पुढच्या महिन्यात तीच चूक नव्या आकड्यासह परत येते.

अनुभवी सुपरवायझर आधी तफावतीचा आकडा निरखतो. चोवीस हा आकडा बोलका आहे. या बिस्किटांच्या पॅलेटवर एका थरात १२ खोके बसतात, म्हणजे चोवीस हे पूर्ण दोन थर. एक-दोन-पाच अशी फुटकळ तफावत असती, तर उचलताना मोजण्यात झालेली चूक, फुटलेला खोका किंवा चोरी यांच्याकडे आधी बघितले असते. पूर्ण थरांची तफावत मात्र बहुधा माल चुकीच्या ठिकाणाहून हलवल्याची खूण असते. शिवाय एका जागी जितके कमी, शेजारच्या जागी नेमके तितकेच जास्त. म्हणजे कुणीतरी दहा रुपयेवाल्यांच्या मागणीसाठी शेजारच्या पॅलेटवरचे पाच रुपयेवाले दोन थर उचलले. संगणकाने दहा रुपयेवाले वजा केले, गाडीत गेले पाच रुपयेवाले.

असे असेल, तर माल गोदामात शोधून मिळणार नाही. तो कुठल्यातरी वितरकाकडे पोहोचलेला असतो. म्हणून पुढची पायरी म्हणजे या जागेची शेवटची बरोबर मोजणी कधी झाली ते पाहणे आणि तिथपासून दहा रुपयेवाले खोके ज्या ज्या गाड्यांत गेले त्यांची यादी काढणे. अशा तीन गाड्या निघाल्या समजू. माल पोहोचल्यावर वितरक पोचपावतीवर सही-शिक्का देतो आणि काही कमी-जास्त असेल तर तिथेच शेरा लिहितो. ट्रान्सपोर्टवाले या पावतीला सरळ पीओडी म्हणतात. ती गोदामात परत यायला काही दिवस जातात आणि शेरा तोवर ड्रायव्हरच्या पिशवीत पडून राहतो. पण फोन पाच मिनिटांत होतो. तिन्ही वितरकांना फोन लावल्यावर नाशिकचा वितरक सांगतो की त्याच्याकडे दहावाले २४ कमी आणि पाचवाले २४ जास्त आले. ती गाडी दोन दिवसांपूर्वी दुपारी भरली होती. गेट रजिस्टरवर तिची बाहेर पडण्याची वेळ दोन वाजून वीस मिनिटे आहे आणि गोदामातली पाळी दोन वाजता बदलते.

उमेदवार इथवर आला की पुढे दुसरा कागद येतो. तो त्याच गोदामातला, तफावत अजून कुणाच्या लक्षात आलेली नसतानाचा आहे. दुसऱ्या एका गाडीत ६२० खोके जायचे होते. त्यांत पाच रुपयेवाले ४७०. गाडी गेटवर आली २.१० ला. धक्क्याला लागली ३.४० ला. भरायला सुरुवात ४.२५ ला, भरून झाली ६.२० ला. कागदपत्रे हातात आली ७.३५ ला आणि गाडी गेटबाहेर पडली ७.५० ला. प्रश्न असा : उशीर कुठे झाला?

गेटवर आल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाच तास चाळीस मिनिटे गेली. भरायला लागले फक्त एक तास पंचावन्न मिनिटे. तरीही निम्म्याहून अधिक उमेदवारांच्या तोंडून ‘लोडर वाढवावे लागतील’ हेच पहिले वाक्य येते. सहा जणांच्या टोळीऐवजी नऊ जण लावले आणि भरणे खरोखर तेवढ्या पटीने वेगात झाले असे मानले, तरी वाचतील जेमतेम चाळीस मिनिटे. उरलेले पावणेचार तास जिथल्या तिथे राहतील. डिस्पॅचचा उशीर हा एकसंध नसतो. त्याचे तुकडे पाडल्याशिवाय त्याचे कारण सापडत नाही. त्यासाठी लागतात फक्त सहा वेळा : गेटवर, धक्क्यावर, भरायला सुरुवात, भरून पूर्ण, कागदपत्रे, गेटबाहेर. बहुतेक गोदामांत पहिली आणि शेवटची तेवढी लिहिलेली असते, कारण ती सुरक्षारक्षक लिहितो. मधल्या चार लिहिण्याची सवय सुपरवायझरला लावावी लागते.

या गाडीचे तुकडे पाहू. पहिली दीड तास ती धक्का मिळण्याची वाट बघत होती. धक्के दोन, आणि ट्रान्सपोर्टरला ‘दुपारी गाड्या पाठवा’ एवढेच सांगितल्याने एक ते दोनच्या दरम्यान सहा गाड्या आल्या होत्या. त्यात दोन वाजता पाळी बदलली तेव्हा एका धक्क्यावरची गाडी अर्धी भरलेली होती. सकाळची टोळी घरी गेली. दुपारच्या टोळीला आत किती खोके आहेत हे कुणी लिहून दिले नव्हते, म्हणून ती गाडी निम्मी उतरवून पुन्हा मोजावी लागली. यावर गाड्यांना वेळ ठरवून बोलावणे आणि पाळी बदलण्याच्या सुमारास नवी गाडी धक्क्याला न लावणे हे दोन उपाय आहेत. दोन्हींना एक पैसा खर्च नाही.

नंतरची पंचेचाळीस मिनिटे गाडी धक्क्याला लागूनही रिकामी उभी होती. माल उचलणाऱ्याच्या यादीत पाच रुपयेवाले ४७० होते, संगणक ४८० दाखवत होता आणि जागेवर ४५६च होते. चौदा खोके शोधत तो रॅकमागून रॅक फिरत राहिला. कुणी दुसऱ्या जागी ठेवले असतील असे त्याला वाटत होते आणि तसे वाटणे रास्तच होते. खोके होते नाशिकला. साठ्याची तफावत डिस्पॅचच्या वेळात कशी उतरते ते इथे दिसते. दोन दिवसांपूर्वी दोन थर चुकीचे उचलले गेले, तेव्हा ना कुणाचा वेळ गेला ना कुणाची तक्रार आली. त्याची किंमत मोजली ती तिसऱ्याच गाडीने, तिसऱ्याच वितरकाने.

शेवटचा मोठा तुकडा कागदपत्रांचा, सव्वा तासाचा. बिल ६२० खोक्यांचे आधीच काढून ठेवले होते. प्रत्यक्षात ६०६च भरले गेले. बिलातले नग आणि गाडीतले नग वेगळे ठेवून माल रस्त्यावर आणता येत नाही. ई-वे बिल रद्द करायचे, मग जुने ई-इन्व्हॉइस रद्द करायचे, दोन्ही नवी काढायची, आणि यासाठी लागणारा कंपनीचा माणूस संध्याकाळी सहानंतर फोनवर शोधायचा. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीत मालाची किंमत एक लाख रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल लागते. राज्याबाहेर माल जाणार असेल तर ही मर्यादा पन्नास हजारांची आहे. ते चुकीचे निघाले तर चोवीस तासांच्या आत रद्द करता येते. त्याच्या दुसऱ्या भागात गाडीचा नंबर असतो. ऐनवेळी गाडी बदलली आणि तो नंबर बदलायचा राहिला, तर तपासणी नाक्यावर गाडी अडते. वैधता साधारण दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, म्हणून नाशिकसारख्या जवळच्या फेरीत ती सहसा संपत नाही. नागपूरच्या फेरीत मात्र गाडी वाटेत बिघडली तर त्याकडे लक्ष ठेवावे लागते.

यावरचा उपाय विचारल्यावर बरेच उमेदवार ‘बिलिंगला माणूस वाढवू’ म्हणतात. खरा उपाय क्रम बदलण्याचा आहे. माल उचलून धक्क्यावर आणला, मोजला, तो पूर्ण असल्याची खात्री झाली की मग बिल काढायचे. काही कंपन्या महिनाअखेरीस विक्रीचा आकडा गाठण्यासाठी बिले आधी काढायला लावतात आणि तिथे सुपरवायझरचे फार चालत नाही. अशा वेळी निदान मोठ्या नगांच्या जागा सकाळीच मोजून घ्याव्यात, म्हणजे तुटवडा दुपारी चारऐवजी सकाळी दहाला कळतो. दहाला कळलेला तुटवडा फोनवर मिटतो. चारला कळलेल्या तुटवड्यापायी गाडी उभी राहते, ड्रायव्हर हॉल्टिंग मागतो, आणि रात्री उशिरा पोहोचलेल्या गाडीला वितरकाचे गोदाम बंद सापडल्याने ती दुसऱ्या दिवशी उतरते.

दोन्ही कागदांचा माग शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो : दुपारचे दोन. म्हणून तिसरा प्रश्न लोडरचा असतो. त्यात ‘कडक शिस्त ठेवीन’ हे उत्तर कुणालाच नको असते.

दोनला धक्क्यावर काय होते ते जवळून बघण्यासारखे आहे. सकाळी सहाला आलेली टोळी पावणेदोनपासूनच आवरू लागते, कारण काहींना एसटी गाठायची असते, काहींना शेअर रिक्षा. गाडीत दोन थर राहिलेले असतात आणि मुकादम म्हणतो, ‘एवढं भरून निघूया रे.’ हाताशी जे पॅलेट असते त्यावरून खोके निघतात. खोक्याच्या बाजूचा आकडा वाचायला कुणी थांबत नाही. स्कॅनर ज्याच्या हातात होता, तो चार्जिंगला लावून कपडे बदलायला गेलेला असतो. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मे महिन्यात याच वेळी उकाड्याचा कहर असतो आणि बंद बॉडीच्या गाडीत आत उभे राहणाऱ्याला तर श्वास घेणे मुश्कील होते. दुपारची टोळी आलेली असते, पण जुनी टोळी धक्क्यावरून उतरेपर्यंत ती वर चढत नाही. या पंधरा-वीस मिनिटांत जे हलते त्याचा धनी कुणी नसतो. इथे कामचुकारपणा कुणीच केलेला नाही. गोदामाने या वेळेची जबाबदारी कुणाच्याही नावावर लिहिलेली नाही, एवढेच.

चांगला सुपरवायझर ही जबाबदारी एका कागदावर आणतो. त्या कागदाला टॅली म्हणतात. प्रत्येक गाडीसाठी एक टॅली, वस्तूनुसार रकाने, पाच-पाचच्या रेघांनी भरत जाणारी. पाळी बदलताना गाडी अर्धी असेल, तर जिथवर भरले तिथे गाडीच्या आत खडूने रेघ मारायची, टॅलीवर तेवढेच नग लिहायचे, आणि दोन्ही मुकादमांनी खाली सही करायची. रेघेच्या पुढचे खोके नव्या टोळीचे. धक्क्यावर उरलेल्या पॅलेटला कोणत्या गाडीचा आणि किती नग याची चिठ्ठी लावायची. दोन्ही पाळ्या पंधरा मिनिटे एकमेकींवर यायला हव्यात, म्हणजे सुपरवायझर पावणेदोनऐवजी दोनला यायचा नाही आणि जुना सुपरवायझर दोनला निघून जायचा नाही.

हा कागद टोळी मनापासून भरते की नाक मुरडून, हे मजुरी कशी ठरते यावर अवलंबून असते. बऱ्याच ठिकाणी टोळीला नगावर किंवा टनावर हमाली मिळते आणि ती टोळीत वाटली जाते. अशा ठिकाणी अर्ध्या गाडीचे खोके सकाळच्या खात्यावर की दुपारच्या, यावरून भांडण ठरलेले. टॅलीवरची दोन सह्यांची ओळ ते भांडण मिटवते, म्हणून मुकादमालाच ती हवी असते. साठा अचूक राहावा म्हणून लोडर कागद भरेल ही अपेक्षा टिकत नाही. स्वतःची हमाली बरोबर मिळावी म्हणून तो कागद जपेल, आणि त्याच कागदातून साठ्याचा हिशेबही बरोबर निघेल. दोघांचा स्वार्थ एका कागदावर आणणे ही सुपरवायझरची खरी हातोटी, आणि मुलाखतीत ती फार थोड्या उमेदवारांच्या बोलण्यात सापडते. रोजंदारीवरच्या कंत्राटी लोडरांना नगांशी देणेघेणे नसते. तिथे हा उपाय पुरा पडत नाही आणि मोजण्यासाठी गोदामाचा स्वतःचा माणूस धक्क्यावर उभा करावाच लागतो.

नगावरच्या हमालीची दुसरी बाजूही आहे. वेग वाढतो तसा खोका आपटण्याचे प्रमाण वाढते. फुटलेल्या खोक्याचे पैसे टोळीकडून कापायचा नियम अनेक ठिकाणी मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. त्याचा परिणाम फ्लोअरवर दिसतो : फुटलेला खोका रॅकच्या मागच्या रांगेत जातो, चांगली बाजू पुढे करून. मोजणीत तो भरतो, संगणकाशी जुळतो, आणि एखाद्या दिवशी ग्राहकाकडे पोहोचतो. खोका फुटला की त्याच पाळीत सांगितला तर कपात नाही, लपवलेला सापडला तर विचारणा, हा नियम जास्त उपयोगी पडतो. पहिल्या महिन्यात नुकसानीचे आकडे वाढलेले दिसतात. ते नुकसान वाढल्याचे लक्षण नसते, आधी लपलेले उघड्यावर आल्याचे असते, आणि हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रात लोडर सांभाळण्याचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे आणि बाहेरच्या राज्यांतून आलेले उमेदवार इथे अडखळतात. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ सालचा. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत डोक्यावर-पाठीवर ओझे वाहणाऱ्या, कुठल्याच एका मालकाच्या नावावर नसलेल्या कामगारांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले. त्या लढ्यातून हा कायदा उभा राहिला. त्यानुसार व्यवसायवार मंडळे असतात. कामगार आणि मालक दोघेही मंडळात नोंदवले जातात. मालक मजुरीची रक्कम आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरतो, मंडळ कामगाराला मजुरी देते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांची तरतूद होते.

सुपरवायझरच्या दृष्टीने याचे रोजचे अर्थ सरळ आहेत. नोंदणीकृत टोळीला हातात रोख मजुरी द्यायची नाही. दर त्याच्या मर्जीने ठरत नाहीत. टोळीतला माणूस बदलायचा असेल, तर तो मुकादमाच्या आणि मंडळाच्या माध्यमातून. उलट बाजूने, मंडळात भरायचा आकडा टॅलीवरून निघतो. टॅली अर्धवट असेल तर हमाल मजुरीला मुकतो आणि त्याच्या निधीतही तेवढी घट येते. हे ज्याला कळते तो दोन वाजता सहीची घाई करणाऱ्या मुकादमाला थांबवून ‘मुकादम, आकडा टाका, तुमच्याच खात्याचा आहे’ असे सांगू शकतो. आणि हे सांगण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

ओझ्याची मर्यादा हा त्यातलाच पोटप्रश्न. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. बिस्किटांच्या खोक्यांना तिची चिंता नाही. पण त्याच गोदामात कधी पोत्यांचा माल येतो, आणि तेव्हा हलक्या मालाचा दर आणि वेग गृहीत धरून केलेले दिवसाचे नियोजन कोलमडते. पोत्यांची गाडी दुपारच्या पाळीत न लावता सकाळी सहाला लावावी, ही सूचना स्वतःहून करणाऱ्या उमेदवाराने कधीतरी शेडखाली उन्हाळा काढलेला असतो.

रात्रपाळीबद्दल फार थोडे विचारतात, खरे तर जास्त विचारायला हवे. रात्री धक्का मोकळा असतो, गाड्या लवकर भरतात, आणि त्यामुळे आकडे छान दिसतात. पण पहाटे तीन-चारच्या सुमारास माणसाची सावधगिरी सर्वांत खाली गेलेली असते. त्या वेळी एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू उचलायला देऊ नयेत. एकाच वस्तूच्या पूर्ण पॅलेटच्या गाड्या तेव्हा भराव्यात. शक्य असेल तर दिसायला सारख्या वस्तू शेजारशेजारच्या जागांवर ठेवूच नयेत. बिस्किटांच्या त्या दोन खोक्यांमध्ये एखाद्या वेगळ्या रंगाच्या मालाची रांग असती, तर नाशिकचे चोवीस खोके गेलेच नसते.

खाण्याच्या मालात बॅचचा प्रश्न वेगळा असतो. नग बरोबर, वस्तू बरोबर, पण ज्याची मुदत आधी संपते तो माल मागे राहिला आणि नवा पुढे गेला, तर मोजणी ते पकडत नाही. तीन महिन्यांनी मुदत संपायला आलेले पॅलेट सापडते आणि वितरक ते घेत नाही. आधी आलेला माल आधी काढायचा की आधी मुदत संपणारा आधी काढायचा, असा प्रश्न मुलाखतीत आला तर खाद्यपदार्थ आणि औषधांसाठी दुसरेच उत्तर बरोबर. कारखान्याकडून कधी कधी जुनी बॅच नव्यानंतर येते.

मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराला काही विचारायचे आहे का असे म्हणतात आणि बहुतेक जण पगार विचारून थांबतात. पगार विचारलाच पाहिजे. त्याबरोबर आणखी काही विचारावे. धक्के किती आणि दिवसाला गाड्या किती? बिल माल उचलण्याआधी निघते की नंतर? साठ्याच्या दुरुस्तीवर सही कुणाची लागते? टोळी मंडळात नोंदवलेली आहे की कंत्राटदाराची, आणि हमाली नगावर की रोजावर? पाळ्या एकमेकींवर किती मिनिटे येतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘येत नाहीत, दोनला एक जातो, दोनला दुसरा येतो’ असे मिळाले, तर तिथली तफावत कुठे सापडेल हे उमेदवाराला रुजू होण्याआधीच कळते, आणि ती पंधरा मिनिटे मागून घेण्याची वेळही तीच.